‘आवडतेस’मधलं स्त्रीलिंग कुणाचं?

प्रश्न : मी मुलगी, माझी जोडीदारही मुलगीच. ती नाशिकला घरच्यांबरोबर राहते आणि तिचा फोन तिच्या आईच्याही हातात असतो. तिला मराठीत काही लिहायला बसलं की ‘आवडतेस’, ‘वाट बघतेय’ असं शब्दाशब्दातून सगळं दिसतं. लिंग न दाखवता मनापासूनचं मराठी लिहिता येतं का? आणि कधी उघड लिहायचं झालं, तर दोन्हीकडे स्त्रीलिंग व्याकरणात बसतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. बसतं, अगदी नीट बसतं. ‘मी तुझी वाट बघते, कारण तू मला आवडतेस’ या वाक्यात ‘बघते’चा कर्ता ‘मी’ आणि ‘आवडतेस’चा कर्ता ‘तू’. दोन्ही क्रियापदं आपापल्या कर्त्याप्रमाणे चालली आहेत. प्रेम करणारा एक पुल्लिंगी आणि दुसरी स्त्रीलिंगी असावी, असं व्याकरणाने कुठेच सांगितलेलं नाही. दोन मुलगे असतील तर ‘मी तुझी वाट बघतो, कारण तू मला आवडतोस’. तेही तितकंच शुद्ध. वाचताना क्षणभर कान अडखळला, तर तो अशी वाक्यं फारशी कानावर न पडल्यामुळे अडखळतो.

पहिल्या प्रश्नाची किल्लीही याच वाक्यात आहे. मराठीचं एक क्रियापद एका वेळी एकाच माणसाबद्दल बोलतं. ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ यातून लिहिणारी बाई आहे एवढंच कळतं. समोर कोण आहे ते कळत नाही. ‘तू मला आवडतेस’ यात उलट. समोरची बाई आहे हे कळतं, पण लिहिणारं कोण हे कळायला जागाच नाही. म्हणजे नुसतं ‘आवडतेस’ हा शब्द तुमच्या नात्याबद्दल काहीच फोडत नाही. तो फोन मुलीचा आहे हे तिच्या आईला माहीतच आहे, तेव्हा ‘तू’कडचं स्त्रीलिंग बिनधास्त राहू द्या. तिच्या फोनवर सांभाळायची ती फक्त ‘मी’ची क्रियापदं. तुमचा फोन तुमच्या घरचं कुणी बघत असेल, तर हिशोब उलटतो. तिथे ‘बघते’ चालेल, ‘आवडतेस’ अडचणीचं. आधी कुणाच्या नजरेपासून जपायचंय ते ठरवा, म्हणजे निम्मं काम कमी होतं.

आता ‘मी’. मराठीत ‘मी’चं लिंग उघडं पडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक साधा वर्तमानकाळ (करतो, करते) आणि दुसरं अकर्मक क्रियापदांचा भूतकाळ (आलो, आले, रडलो, रडले). त्यातच होतो-होते धरा. या दोन जागांच्या बाहेर भाषा बरीच मोकळी आहे. भविष्यकाळात लिंग नाही : येईन, भेटेन, वाट बघेन. याबाबतीत मराठी माणूस हिंदीवाल्यापेक्षा सुदैवी म्हणायचा. हिंदीत ‘आऊँगा’ की ‘आऊँगी’ हे ठरवल्याशिवाय उद्याचं वचनसुद्धा देता येत नाही. वर्तमानकाळाच्या नकारातही लिंग गळून पडतं. ‘मी विसरते’ म्हटलं की बाई दिसते, ‘मी विसरत नाही’ म्हटलं की कुणीच दिसत नाही. ‘राहू शकत नाही’, ‘झोप लागत नाही’, ‘करमत नाही’ : विरहाची बहुतेक वाक्यं नकारार्थीच असतात, त्यामुळे ती आपोआप सुटतात.

सकर्मक क्रियापदांचा भूतकाळही सोयीचा. शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग घोकले होते ते इथे कामाला येतात. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात ‘लिहिली’ चिठ्ठीचं ऐकतं, ‘मी तुला पाहिलं’ यात कुणाचंच ऐकत नाही. पण सगळीच सकर्मक क्रियापदं अशी वागत नाहीत. विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे, म्हणणे यांच्याजवळ जपून जा : ‘मी तुला विसरले नाही’ यात कर्म आहे, नकारही आहे, तरी लिंग दिसतंच, कारण हा भूतकाळ कर्त्यामागे जातो. त्याऐवजी ‘विसरणार नाही’ किंवा ‘विसरू शकत नाही’. ‘मी म्हणाले’ टाळायचं असेल तर बोलण्यातलं ‘मी म्हटलं’ आहेच.

सगळ्यात मोठा आधार मात्र ‘मला’चा. मराठीत भावना ‘मी’ करत नाही, त्या ‘मला’ होतात. आठवण येते, भीती वाटते, राग येतो, हसू फुटतं. क्रियापद आठवणीमागे किंवा हसण्यामागे जातं आणि माणूस बाजूला राहतो. ‘मी एकटी आहे’ आणि ‘मला एकटं वाटतंय’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात ‘एकटं’ नपुंसकलिंगी झालं, आणि माझ्या कानाला तरी ते जास्त जिव्हाळ्याचं लागतं. प्रेमाच्या भाषेत मराठी मुळातच ‘मला’कडे झुकलेली आहे. म्हणून लिंग लपवून लिहिलेलं मराठी बेगडी वाटायचं कारण नाही.

आता एक आख्खा मेसेज घेऊ. तुमच्या मनातला असा असेल :

‘आज दिवसभर तुझी आठवण काढत होते. त्या दिवशी तू निळा कुर्ता घालून आली होतीस ना, तेव्हाच मला आवडली होतीस. तू गेलीस आणि मी एकटी पडले. लवकर ये, वाट बघतेय.’

दोन्हीकडचं लिंग काढायचं ठरवलं, तर मी असं लिहीन :

‘आज दिवसभर तुझी आठवण येत होती. त्या दिवशी तू निळा कुर्ता घातला होतास ना, तेव्हाच जीव जडला तुझ्यावर. तू गेल्यापासून फार एकटं वाटतंय. लवकर ये, वाट बघेन.’

‘काढत होते’चं ‘येत होती’ झालं. ही ‘होती’ आठवणीची आहे, तुमची नाही. ‘आवडली होतीस’च्या जागी ‘जीव जडला’ आलं, आणि जीव पुल्लिंगीच असतो, तो कुणाचाही असो. ‘गेलीस’चं ‘गेल्यापासून’ झालं. ही धातुसाधितं फार उपयोगाची : तू आल्यावर, तू हसताना, तू नसताना, तुला बघून. यांना लिंगच नाही. शेवटचं ‘बघतेय’ गेलं आणि ‘बघेन’ आलं.

कुर्त्यापाशी मात्र जरा थांबा. ‘घातला होतास’ हे क्रियापद कुर्त्याप्रमाणे चाललंय. ओढणी असती तर ‘घेतली होतीस’ झालं असतं. व्याकरणाने ते निर्लिंगी आहे. पण घाईत वाचणाऱ्याच्या नजरेला ‘होतास’ पुल्लिंगी भासतं, कारण ‘तू आला होतास’मधलं ‘होतास’ही असंच दिसतं. म्हणजे वस्तू कोणती निवडता यावर वाचणाऱ्याचा अंदाज हलतो. हे तुमच्या पथ्यावर पडू शकतं, अंगाशीही येऊ शकतं. कुठलाच अंदाज नको असेल तर नपुंसकलिंगी वस्तू घ्या : ‘ते निळं जॅकेट घातलं होतंस’. अर्थात कपडे स्वतःच चुगली करतात. कानातलं, ओढणी, मिशी हे शब्द आले की क्रियापद सांभाळून उपयोग नाही.

यात हमखास एक चूक होते. ‘बघतेय’ टाळायला लोक ‘मी वाट बघत आहे’ लिहितात. बरोबर आहे, ‘बघत आहे’मध्ये लिंग नाही, ‘तू बघत आहेस’मध्येही नाही. पण चॅटवर जवळचं माणूस असं लिहीत नाही. तीन वाक्यं अशी आली की पत्राला नोटिशीचा वास येतो, आणि वाचणाऱ्या आईलाही ‘हे कुणीतरी जपून लिहिलंय’ हे कळतं. त्यापेक्षा क्रियापदच गाळा : ‘वाटेतच. पाच मिनिटांत पोचेन.’ तिरक्या रेघेचं ‘आवडतो/ते’ तर प्रेमपत्रात नकोच. ते अर्जावर शोभतं.

‘तू’कडच्या दोन जागा राहिल्या. ‘तू हवी आहेस’ आणि ‘तू असतीस तर’ ही दोन्ही वाक्यं प्रेमात टाळता येत नाहीत, आणि दोन्हींत लिंग ठळक आहे. यांना मला समाधानकारक वाटणारा पर्याय एकच : ‘तू आत्ता इथे असायला हवं होतंस’. यात ‘हवं’ कुणाच्याच मागे जात नाही. ‘तू मला आवडतेस’ला ‘मला तुझं सगळं आवडतं’ हा पर्याय आहे, पण तो तितका नेमका नाही, हे मान्य करायला हवं.

या सगळ्यापेक्षा सोपी वाट ‘आपण’ची. पहिल्या पुरुषाच्या अनेकवचनात मराठी लिंग दाखवतच नाही. आपण भेटलो, आपण चाललो होतो, आपण एकमेकींना… नाही, इथे थांबा! ‘एकमेकींना’ लिहिलंत की सगळं उघड झालं. ‘दोघी’चंही तसंच. ‘आपण दोघी’ऐवजी ‘आपण’ पुरेसं आहे. पण उघड लिहायच्या दिवशी नेमकं हेच ‘आपण दोघी’ लिहा. दोन स्त्रियांचं नातं मराठीत एका शब्दात सांगणारा याहून सुंदर शब्द मला माहीत नाही, आणि हिंदीत ‘हम दोनों’ म्हणताना तो मिळत नाही.

जाता जाता, ‘मी आलो’ लिहिणारा पुरुषच असतो असंही नाही. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. तुम्ही तिकडच्या असाल तर प्रश्नाचा अर्धा भाग बोलीनेच सोडवलाय.

राहिलं संबोधन. ‘प्रिय’ बदलत नाही, ‘लाडकी’ बदलते. ‘माझा’, ‘माझी’ अडतं, पण सामान्यरूपातलं ‘माझ्या’ तिन्ही लिंगांत एकच, म्हणून ‘माझ्या प्रिय’ निर्धास्त लिहा. आणि मराठीला तिसरं लिंग आहे, त्याचा लाड करा. पिल्लू, पाखरू, सोनुलं हे शब्द नपुंसकलिंगी आहेत आणि क्रियापदाला सोबत ओढून नेतात : ‘माझं पाखरू जेवलं का? दमलंय का फार?’ यात पाखरू मुलगी की मुलगा, विचारणारं कोण, काही म्हणजे काही कळत नाही, आणि तरी हे घरातलं, उबदार मराठी आहे. सरळ ‘तू जेवलंस का’ असं मात्र मोठ्या माणसाला लिहिण्याआधी तिला विचारा. आपल्याकडे असं लहान मुलाशी बोलतात. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या एखाद्याला ते आपलंसं वाटेल, एखाद्याला लहान केल्यासारखं. पाखराच्या आडून लिहिलं तर तो प्रश्न येत नाही.

एक बारीक गोष्ट : बंद फोनच्या पडद्यावर मेसेजचे पहिले काही शब्दच दिसतात, पण वर नावही दिसतं. तिने तुमचा नंबर कुठल्या नावाने साठवलाय ते तिला आधी विचारून घ्या, मग क्रियापदांकडे वळा.