दर 15 दिवसाला 800 फी, म्हणजे वर्षाला किती टक्के?

10 हजाराचं लोन 15 दिवसांसाठी घेतलं, फी 800 आधीच कापली, आता दर वेळी 800 भरून मुदत वाढवायलोय. लोनवाले म्हणायलेत 8 टक्केच आहे, खरंय का?

नाही भाऊ, ते 8 टक्के फक्त 15 दिवसांचे आहेत आणि तेबी पूर्ण 10 हजारावर धरलेले. तुमच्या हातात पडले 9200, म्हणून 800 भागिले 9200, साधारण 8.7 टक्के, आणि वर्षात असे 15-15 दिवसांचे हप्ते 24 च्या वर येतात, म्हणजे वर्षाला 212 टक्क्यांच्या आसपास, तेबी साधा हिशोब, चक्रवाढ न धरता. आपल्याकडं शेकडा पाचनं देणाऱ्या सावकाराला लोक शिव्या घालतात, तो वर्षाला 60 झाला, इथं महिन्याला शेकडा सतराच्या वर चाललंय!

खरं दुखणं असंय की 800 मधला एक रुपयाबी मुद्दलात जात नाही. सोयाबीनचे पैसे येईपर्यंत म्हणून पाच वेळा वाढवलं तर 4000 जातील आणि 90 व्या दिवशी देणं तेच 10 हजार. अर्धवट मुद्दल घेतात का ते आधी विचारा, आणि केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद मागा, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं डिजिटल कर्जात त्यावर वार्षिक दर लिहावाच लागतो.