एका अंड्याचा केक अर्धा किंवा पाव करायचा असेल तर

प्रश्न: रेसिपीत एकच अंडं आहे आणि मला अर्धाच केक करायचा आहे, कधी पावच. मग अंडं कसं घ्यायचं?

अंडं फेटून वजनावर घ्या. न फेटता ओतलं तर आधी नुसता पांढरा भाग घसरतो आणि पिवळा बलक सगळा वाटीत राहतो. फॅट जवळजवळ सगळं बलकात असतं, त्यामुळे वजन बरोबर येऊनही केक चिवट होतो.

फेटायला काटा घ्या. चिमूटभर मीठ घातलं की पांढऱ्यातला घट्ट गोळा लवकर मोकळा होतो. काटा उचलल्यावर धार एकसारखी पडली पाहिजे, मध्येच लोंबता गोळा दिसला तर अजून फेटा. फेस आला तरी वजनाला काही फरक पडत नाही. चमच्याने मोजलं तर मात्र फेसामुळे अंडं कमी जातं, म्हणून मी चमच्याच्या मापावर कधीच विसंबत नाही.

आता किती घ्यायचं? अमेरिकन रेसिपीतलं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम धरतात. पुण्यात किराणा दुकानात मिळणारी अंडी बऱ्याचदा याहून लहान असतात, कवच काढल्यावर ४५ च्या आसपास भरतात. त्यामुळे ‘फेटलेल्यातलं निम्मं’ असं न करता रेसिपीच्या अंड्याचं निम्मं घ्या: २५ ग्रॅम. पाव केकला १२ ते १३. रेसिपी इथलीच असेल तर तुमच्या अंड्याचं वजन करून त्याचा भाग घेतला तरी चालेल.

उदाहरणार्थ, १२० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम लोणी, ८० मिली दूध, १ छोटा चमचा बेकिंग पावडर आणि एक अंडं. याचा पाव म्हणजे ३० ग्रॅम मैदा, २५ साखर, १५ लोणी, २० मिली दूध, पाव चमचा पावडर आणि १२ ग्रॅम अंडं. यात दोन कपकेक होतात.

हे १२ ग्रॅम दुसऱ्या वाटीत मोजून ओतू नका. वाटीच्या कडेला ग्रॅम-दीड ग्रॅम चिकटून राहतं, आणि १२ मध्ये ते जाणवतं. फेटलेल्या अंड्याची वाटीच वजनकाट्यावर ठेवून शून्य करा. वाटी उचलून थोडं अंडं मिश्रणात ओता, वाटी परत ठेवा. आकडा उणे १२ दिसला की झालं. आधी कमीच ओता, जास्त पडलेलं काढता येत नाही. थेंब थेंब टाकत बसू नका, घरचे बरेच वजनकाटे इतका बारीक फरक पकडत नाहीत.

अंडं कमी पडलं तर केक कापताना भुगा होतो, जास्त झालं तर रबरासारखा लागतो आणि अंड्याचा वास येतो. अर्ध्या केकला दोन ग्रॅम इकडेतिकडे चालतात, पाव केकला मी एकच ग्रॅम सोडते.

उरलेलं अंडं झाकून लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ऑम्लेटमध्ये संपवा. मीठ आधीच पडलेलं आहे, तेवढं लक्षात ठेवा.