बिलाचा फोटो जोडला, तरी ‘दिसत नाही’ का म्हणतं?

ठाण्यातल्या घराचं महावितरणचं बिल तुम्ही एआय चॅटबॉटच्या चॅटमध्ये जोडलंत, पडद्यावर छोटा फोटोही दिसला, आणि उत्तर आलं की चित्र दिसत नाही. फोटो पुन्हा पुन्हा चढवू नका, त्यात दोष नाही. तो छोटा फोटो ॲप दाखवतं. त्यामागचं उत्तर देणारं एआय मॉडेल फक्त मजकूर घेणारं असेल, तर त्याच्यापर्यंत तुमचा प्रश्न आणि फार तर फाइलचं नाव पोचतं. चित्राचे पिक्सेल वाचणारा भागच त्यात नसतो.

‘दिसत नाही’ हे प्रामाणिक उत्तर झालं. खरा घोटाळा असतो तो फाइलचं नाव `light-bill-march.jpg` असल्यावर. त्यावरून अंदाज बांधून मार्चच्या बिलाबद्दल ते छान बोलू शकतं! म्हणून आधी विचारा, ‘चालू रीडिंग किती?’ आकडा कागदाशी जुळला नाही, तर पुढचं काही मानू नका.

चित्र वाचणारं मॉडेल निवडता येत असेल, तर ते निवडून नवीन चॅट उघडा. नसेल, तर फोनच्या गूगल लेन्सने फोटोतला मजकूर कॉपी करून चिकटवा. त्यात रकाने विस्कटतात, 8 चा 3 होतो, म्हणून महत्त्वाच्या ओळी हातानेच लिहिलेल्या बऱ्या: ‘मागील रीडिंग 4310, चालू 4522, युनिट 212’. वजाबाकी जुळली की आकडे बरोबर उतरलेत.

स्कॅन केलेल्या पीडीएफचंही असंच. अक्षरांवर बोट दाबून ती निवडली जात नसतील, तर तोही फोटोच आहे.