उणे पायावर वाढीचा टक्का काढला की बार उलटा पडतो

प्रश्न: विभागवार नफ्याच्या वार्षिक वाढीचा बार चार्ट केला आहे. एका विभागाला मागच्या वर्षी 2 कोटी तोटा होता, यंदा 10 कोटी नफा आहे, तरी त्याचा बार खाली उणे 600 टक्के दिसतो. दुसऱ्या एकाचा बार 3900 टक्के, त्यामुळे बाकीचे बार दिसतच नाहीत. सूत्र चुकलंय का?

सूत्र बरोबर आहे, पण या दोन विभागांना ते लावायलाच नको होतं.

वाढीचा टक्का म्हणजे यंदाचा आकडा वजा मागचा आकडा, भागिले मागचा आकडा; हा मागचा आकडा म्हणजेच पाया. तुमच्या पहिल्या विभागात फरक आहे अधिक 12 कोटींचा. त्याला उणे 2 ने भागलं की उत्तर उणे 6 येतं, म्हणजे उणे 600 टक्के. सुधारणा खरी आहे, छेद उणे असल्यामुळे फक्त चिन्ह उलटलं. हाच प्रकार दुसऱ्या बाजूनेही होतो आणि तो जास्त घातक आहे, कारण तो नजरेतून सुटतो. समजा एखाद्या विभागाचा तोटा 10 कोटींवरून 15 कोटींवर गेला. फरक उणे 5, छेद उणे 10, उत्तर अधिक 50 टक्के. तोटा दीडपट झाला आणि चार्टवर मात्र ऐटीत वर गेलेला बार! उणे 600 चा बार पाहून तुम्हाला शंका आली; अधिक 50 चा बार पाहून कुणालाच येत नाही. म्हणून तुमच्या चार्टमधले बाकीचे "चांगले" बारही एकदा तपासा.

आणखी एक हिशेब करून पाहा. 10 कोटी नफ्यावरून 10 कोटी तोट्यात गेलात तर वाढ उणे 200 टक्के. पुढच्या वर्षी त्याच तोट्यातून 10 कोटी नफ्यावर परत आलात तर वाढ पुन्हा उणे 200 टक्के. कोसळण्याचा आणि सावरण्याचा बार अगदी सारखाच. यातल्या पहिल्या आकड्याला निदान दिशा तरी आहे, कारण तिथे पाया अधिक होता. दुसरा सरळ उलटा आहे.

हे फक्त नफा-तोट्यातच घडतं असं नाही. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. वर्षभराने भाव 62 डॉलरच्या आसपास होता. म्हणजे भाव जवळपास 100 डॉलरने चढला. सूत्रात घाला, उत्तर येतं उणे 265 टक्के.

यावर बरेच जण छेदाला `ABS` लावतात, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकतात. तुम्हालाही कुणीतरी हे सुचवेलच. माझं मत स्पष्ट आहे: ते करू नका. चिन्ह सुधारतं, पण बारची उंची खोटी राहते. तुमच्या विभागाचा उणे 2 वरून 10 चा प्रवास अधिक 600 टक्के होईल. शेजारचा विभाग उणे 40 वरून 10 वर आला असेल तर त्याची वाढ येईल 125 टक्के. ज्याने 50 कोटींची मजल मारली त्याचा बार बुटका, आणि ज्याने 12 कोटींची मारली त्याचा जवळपास पाचपट उंच. मागचा तोटा जितका मोठा, तितकी सुधारणा छोटी दिसते. चार्ट पाहणारा उंचीच वाचतो, त्यामुळे विभागांचा क्रमच बदलतो.

आता 3900 टक्क्यांचा बार. तिथे बहुधा 0.1 कोटीचे 4 कोटी झालेत. चिन्ह बरोबर आहे, गणितही बरोबर आहे, पण हा आकडा किती डळमळीत आहे ते पाहा. 0.1 हा एका दशांशापर्यंत पूर्णांकित केलेला आकडा असेल तर मूळ आकडा 0.05 पासून 0.15 पर्यंत काहीही असू शकतो. 0.05 धरला तर वाढ 7900 टक्के, 0.15 धरला तर सुमारे 2570. यंदाचे 4 कोटी तसेच आहेत, तरी नुसत्या पूर्णांकनाने बार तिप्पट होतो. असा बार व्यवसायाबद्दल फारसं सांगत नाही. मागच्या वर्षी नफा शून्याच्या जवळ होता, एवढंच सांगतो. वर तो अक्ष इतका ताणतो की 8 आणि 12 टक्क्यांचे बार रेघेसारखे चिकटून बसतात. अक्ष कापून तो बार आत बसवण्याचा मोह होईल, पण त्याने बाकीचे दिसू लागतात इतकंच. निरर्थक आकडा चार्टवर राहतोच.

मग करायचं काय? मी अशा वेळी मुख्य चार्टमध्ये टक्के ठेवतच नाही. मागचं वर्ष आणि यंदाचं वर्ष असे दोन बार शेजारी, कोटींमध्ये, शून्य रेषेच्या वर-खाली. उणे 2 आणि 10 हे शेजारी दिसले की समजावून सांगायला काही उरत नाही. विभाग लहान-मोठे असतील आणि तुलना हवीच असेल तर नफ्याला विक्रीने भागा, कारण विक्री सहसा उणे नसते आणि शून्याजवळही नसते. समजा त्या विभागाची विक्री मागच्या वर्षी 200 आणि यंदा 210 कोटी होती. मग नफ्याचं प्रमाण उणे 1 टक्क्यावरून 4.8 टक्क्यांवर आलं, म्हणजे 5.8 टक्केबिंदूंची सुधारणा. हा आकडा इतर विभागांच्या शेजारी निर्धास्त ठेवता येतो.

वरिष्ठांना टक्क्यांचा रकानाच हवा असेल तर तक्त्यात तो ठेवा, पण जिथे लागत नाही तिथे रिकामा सोडा. मागचा नफा B मध्ये, यंदाचा C मध्ये आणि मागची विक्री D मध्ये असेल तर:

```
=IF(B2<0.01*D2, NA(), C2/B2-1)
```

म्हणजे मागचा नफा विक्रीच्या 1 टक्क्यापेक्षा कमी असेल किंवा तोटा असेल तर टक्का काढायचाच नाही. हा 1 टक्का कुठल्या नियमातून आलेला नाही. ज्या धंद्यात नफ्याचं प्रमाणच 2 टक्के असतं तिथे ही मर्यादा कमी करावी लागेल. मर्यादा कुठलीही ठरवा, पण ती आकडे पाहण्याआधी ठरवा आणि तळटीपेत लिहा. नाहीतर नको असलेला बार लपवायला ती सोयीची होते. `NA()` मुद्दाम वापरलं आहे. तिथे "लागू नाही" असा मजकूर भरला तर एक्सेलचा चार्ट त्याला शून्य समजतो, लेबलवर 0% येतं आणि वाचणारा समजतो की काहीच बदललं नाही. `NA()` ला एक्सेलच्या नव्या आवृत्त्या रिकामी जागा सोडतात. त्या जागी "तोट्यातून नफ्यात" किंवा "तोटा वाढला" असं हाताने लिहा. कंपन्यांच्या निकालांच्या तक्त्यांत याच कामासाठी `NM` म्हणजे "अर्थपूर्ण नाही" किंवा `L to P` म्हणजे "तोट्यातून नफ्यात" असं लिहिलेलं दिसतं.

जुने अहवाल तपासायचे असतील तर शेजारी `=SIGN(C2-B2)` चा रकाना घाला आणि त्याचं चिन्ह टक्क्याच्या चिन्हाशी जुळतं का पाहा. जुळलं नाही तर त्या ओळीचा पाया उणे होता. मात्र कुणी आधीच `ABS` लावलं असेल तर चिन्हं जुळतील आणि ही युक्ती काहीच पकडणार नाही. तिथे B रकान्यातले उणे आकडेच गाळून पाहावे लागतील.