आधी अंतर मोज

प्रिय,

तुझ्या वहीत √2 च्या परंपरित अपूर्णांकाचे कन्व्हर्जंट बरोबर काढलेले आहेत: 1, 3/2, 7/5, 17/12, 41/29, 99/70. त्याखाली तू लिहिलंस, ‘हे एकदा √2 च्या खाली, एकदा वर येतात, म्हणून √2 कडे जातात.’ गुण तिथेच गेले. खाली-वर होणं पुरत नाही. आधी अंतर मोज.

सम क्रमांकाचे कन्व्हर्जंट (1 चा क्रमांक शून्य धर) वाढत जातात, विषम क्रमांकाचे घटत जातात, आणि प्रत्येक सम हा प्रत्येक विषमाहून लहान असतो. त्यामुळे दोन्ही उपक्रमिकांना आपापली सीमा मिळते. ती एकच आहे, हे अजून कुठे सिद्ध झालं?

n क्रमांकाचा कन्व्हर्जंट `p_n/q_n` असा लिही. मग त्यासाठी हे सूत्र हवं:

`p_n q_(n-1) − p_(n-1) q_n = (−1)^(n-1)`

म्हणजे शेजारच्या दोन कन्व्हर्जंटमधलं अंतर नेमकं `1/(q_n q_(n-1))`. तुझ्याच आकड्यांवर ताडून बघ: 1/2, 1/10, 1/60, 1/348, 1/2030. परंपरित अपूर्णांकाच्या पदांना `a_0, a_1, a_2, …` म्हण; पहिल्या पदानंतरचे `a_n` धन पूर्णांक असतात, म्हणून `q_n` वाढतच जातात आणि अंतर शून्याकडे जातं. √2 प्रत्येक जोडीच्या मध्ये असल्यामुळे दोन्ही सीमा तिथेच मिळतात. सिद्धतेचा सगळा भार या अंतरावर आहे, आणि तू नेमकं तेच गाळलंस!

‘पण वर-खाली होतंच आहे ना?’ असं म्हणशील. मग `a_0 = 0` आणि पुढे `a_n = 1/2^n` घे. वरचं सूत्र तसंच चालतं, सम वाढतात, विषम घटतात. पण `q_n = a_n q_(n-1) + q_(n-2)` असल्यामुळे कोणताही `q_n` हा (1+1/2)(1+1/4)(1+1/8)… या गुणाकारापलीकडे जात नाही, आणि तो गुणाकार 2.4 पेक्षा कमी आहे. म्हणजे शेजारच्या पदांतलं अंतर कायम 1/6 हून जास्त. दोन सीमा, दोन वेगळ्या संख्या. क्रमिका कुठेच पोहोचत नाही. धन पदांसाठी नियमच असा की `a_n` ची बेरीज अनंत झाली तरच अभिसरण होतं. पूर्णांक घेतले की ती अट आपोआप पाळली जाते, म्हणूनच ती तुझ्या नजरेतून सुटली. याबाबत मी हटवादी आहे असं वाटलं तर वाटू दे. नुसत्या वर-खालीला गुण दिले, तर या दुसऱ्या उदाहरणालाही द्यावे लागतील.

अंतर मोजलंस की चूक जास्तीत जास्त किती, हेही हातात येतं. शुल्बसूत्रातली √2 ची किंमत 1 + 1/3 + 1/(3·4) − 1/(3·4·34) म्हणजे 577/408. हा सातवा कन्व्हर्जंट, विषम, म्हणून √2 हून मोठा. पुढचा छेद 985, तेव्हा चूक 1/(408·985) हून कमी, म्हणजे दशांशात पाच घरं पक्की. आता आठवा तू काढ, आणि तो कोणत्या बाजूला पडतो हे भागाकार न करता लिही.