डॅशबोर्डसोबतची नोट: तीन गोष्टी आणि एक 'पण'

अरे,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला. डॅशबोर्ड छान झालाय, त्यावर काही बोलत नाही. बोलायचंय ते सोबतच्या नोटबद्दल. एकतर अकरा मुद्दे टाकलेस, आणि शेवटी बारीक अक्षरात 'डेटामध्ये काही त्रुटी असू शकतात' असं एक वाक्य. ते वाक्य आधी काढ. त्याने कोणाला काहीच कळत नाही, फक्त उद्या काही चुकलं तर तुझी सुटका व्हावी म्हणून लिहिलंय असं दिसतं, आणि डिपार्टमेंट हेडना ते बरोब्बर तसंच दिसतं.

हे लोक तुझी नोट कुठे वाचणारेत ते आधी डोळ्यासमोर आण. मीटिंगला जाता जाता, मोबाईलवर. अर्धे जण डॅशबोर्ड उघडणारच नाहीत, नोट वाचतील आणि त्यातला एखादा आकडा उचलून पुढच्या मीटिंगमध्ये बोलतील. म्हणजे नोटमध्ये जे लिहिशील तेच त्या महिन्याचं सत्य होऊन बसतं. म्हणून तीनच मुद्दे ठेव, आणि निवडताना एकच बघ, हा मुद्दा वाचून कोणीतरी या महिन्यात काही वेगळं करणारे का? तुझ्या अकरापैकी आठ 'बघायला बरं' या जातीचे आहेत, ते डॅशबोर्डवर आहेत तिथेच राहू देत.

तुझा पहिला मुद्दा, 'वेळेवर डिलिव्हरी 91 टक्क्यांवरून 84 टक्क्यांवर आली.' बरोबर आहे, पण अर्धवट आहे. मी तुझ्या शीटमध्ये जाऊन बघितलं. मे आणि जून दोन्हीकडे 2400 च्या आसपास ऑर्डरी, उशिरा गेलेल्या मेमध्ये 216 आणि जूनमध्ये 384, म्हणजे 168 ने वाढल्या. आता त्या वाढलेल्या 168 कुठल्या ते शोध ना, 150 शनिवार-रविवारी आलेल्या ऑर्डरी आहेत! (जूनमध्ये शनिवार-रविवार जास्त आले असतील म्हणून मी कॅलेंडर पण बघितलं, दोन्ही महिन्यांत नऊच दिवस.) आता हे वाचून डिस्पॅचचे हेड काहीतरी करू शकतात, नुसतं 84 टक्के वाचून ते फक्त चिडतील. पण तू पुढे लिहिलंस 'सुट्टीच्या दिवशी मनुष्यबळ कमी असल्यामुळे', ते तुला कसं कळलं? तुझ्याकडे ऑर्डरीची तारीख आहे, कोण कामावर होतं याची हजेरी नाही. उशीर कुठे साचलाय ते तू सांग, का साचलाय ते त्यांना सांगू दे.

दुसरा मुद्दा वाचून मात्र मी थांबलेच. 'तक्रार सोडवायचा सरासरी वेळ 4.2 दिवसांवरून 3.1 दिवसांवर, सपोर्ट टीमची उत्तम सुधारणा.' हा आकडा कसा निघतो ते उघडून बघ. सरासरी फक्त बंद झालेल्या तक्रारींची धरलीये, साहजिक आहे, जी अजून बंदच झाली नाही तिला किती दिवस लागले ते कुठून आणणार. पण मेमध्ये आलेल्या 600 तक्रारींपैकी महिनाअखेरीला 60 उघड्या होत्या, आणि जूनमध्ये आलेल्या 620 पैकी 140 उघड्या आहेत. आणि उघड्या राहतात त्या कुठल्या? किचकट, वेळखाऊ, तीन ठिकाणी विचारावं लागतं अशा. सोप्या पटापट बंद होतात आणि सरासरीत बसतात, अवघड बाहेर उभ्या राहतात. म्हणजे टीमने अवघड कामाला जितका कमी हात लावला तितका तुझा आकडा छान दिसणार, हसावं की रडावं!

आणि ही गंमत उलटीकडूनही होते. पुढच्या महिन्यात टीमने मान मोडून त्या 140 निकालात काढल्या ना, तर प्रत्येकीचे वीस-तीस दिवस सरासरीत येऊन पडतील आणि डॅशबोर्ड म्हणेल सपोर्ट ढेपाळला. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी अगदी अशीच ओळ लिहून पाठवली होती, वेळ कमी झाला म्हणून, आणि तिच्या जोरावर त्या टीममधली दोन माणसं दुसरीकडे हलवली गेली. दोन महिन्यांनी जुन्या तक्रारी बंद व्हायला लागल्या, सरासरी दुप्पट झाली आणि त्या टीमच्या हेड बाई प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, कागद ठेवला आणि गेल्या. तो अजून आठवतो.

मग खरं काय ते कसं बघायचं? सोपं आहे. दोन्ही महिन्यांच्या 1 ते 15 तारखेला आलेल्या तक्रारी घे, कारण त्यांना महिनाअखेरपर्यंत निदान पंधरा दिवस तरी मिळालेत, आणि त्यातल्या किती सात दिवसांच्या आत बंद झाल्या ते मोज. उघड्या असोत की बंद, सगळ्या मोजणीत आल्या. मी काढून बघितलं, मेमध्ये 300 पैकी 225, म्हणजे 75 टक्के. जूनमध्ये 310 पैकी 217, म्हणजे 70 टक्के. वेग वाढला नाहीये, थोडा कमीच झालाय!

इथे कोणी म्हणेल की मग तो सरासरीचा आकडा राहू दे आणि खाली टीप लाव, 'यात उघड्या तक्रारी धरलेल्या नाहीत'. नको. जी टीप मुद्द्यालाच उलटा करते ती टीप नसते रे, तो मुद्दाच चुकलाय. तो काढायचा आणि जे दिसलंय ते लिहायचं, की उघड्या तक्रारी 60 वरून 140 झाल्यात.

टीप खरी लागते ती तिसऱ्या मुद्द्याला. 'नवीन पॅकिंगनंतर रिटर्न 8 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर.' परचेसवाले या आकड्याची वाटच बघतायत, कारण नवीन पॅकिंगची मोठी ऑर्डर द्यायची की नाही ते यावर ठरणार. पण कस्टमरला माल मिळाल्यापासून 30 दिवस रिटर्न करता येतं. तू डेटा 2 जुलैला काढलास, म्हणजे जूनच्या जवळजवळ सगळ्या ऑर्डरींची मुदत अजून चालू आहे, मेची मात्र संपत आलीये. पिकलेला आंबा आणि कैरी शेजारी ठेवून कैरी कमी गोड आहे म्हणण्यातला प्रकार झाला हा.

तुझं नशीब की गेल्या महिन्याची फाईल आपल्याकडे जपून ठेवलेली आहे. ती उघड. 2 जूनला मेचे रिटर्न किती दिसत होते? 132, म्हणजे 5.5 टक्के. तेच आता 192 झालेत, 8 टक्के. आणि जूनचे याच टप्प्यावर 120, म्हणजे 5 टक्के. तेव्हा खरी तुलना 8 आणि 5 ची नाही, 5.5 आणि 5 ची आहे. तीनाचा फरक नाही, अर्ध्याचा आहे, आणि 2400 ऑर्डरींत अर्धा टक्का म्हणजे बारा ऑर्डरी. बारा ऑर्डरी तर एखाद्या महिन्यात उगीच पण इकडच्या तिकडे होतात.

हा मुद्दा काढायचा का? नाही, कारण परचेसवाले तो डॅशबोर्डवर बघणारच आणि स्वतःच आठातून पाच वजा करणार. इथे टीप हवी, आणि ती त्या मुद्द्याला चिकटून हवी, पानाच्या तळाशी नाही, तळाशी कोणी जात नाही. टीपेत चार गोष्टी सांग. कुठला आकडा कच्चा आहे, तो कुठल्या बाजूला सरकणार, साधारण किती, आणि पक्का कधी होणार. यातलं 'कुठल्या बाजूला' हे लोक हमखास विसरतात, आणि वाचणाऱ्याला तेच तर हवं असतं. आकडा बदलू शकतो म्हटलं की तो खाली पण जाईल असं वाटतं, इथे तो फक्त वरच जाणार आहे.

आणि टीप एकच. तुला अजून चार शंका आहेत मला माहितीये (दोन ऑर्डरींची तारीख रिकामी आहे वगैरे), पण त्याने निर्णय हलत नाही, त्या तुझ्या वहीत लिही. पाच टिपा लावल्यास तर ही एक त्यात हरवेल.

मी लिहिली असती तर अशी लिहिली असती:

"नमस्कार, जूनचा डॅशबोर्ड सोबत आहे. आकडे 2 जुलै सकाळी 9 पर्यंतचे आहेत.

1. वेळेवर डिलिव्हरी 91 वरून 84 टक्के. वाढलेल्या 168 उशिरांपैकी 150 शनिवार-रविवारच्या ऑर्डरी आहेत. (डिस्पॅच)

2. त्या त्या महिन्यात आलेल्या तक्रारींपैकी महिनाअखेरीला उघड्या: मे 60, जून 140. सात दिवसांत सुटणाऱ्यांचं प्रमाण 75 वरून 70 टक्के. डॅशबोर्डवरची 3.1 दिवसांची सरासरी फक्त बंद तक्रारींची आहे, ती सुधारणा समजू नये. (सपोर्ट)

3. नवीन पॅकिंगनंतर रिटर्न सध्या 5 टक्के. हा आकडा कच्चा आहे: 30 दिवसांची मुदत चालू असल्याने तो वाढणारच. मे याच टप्प्यावर 5.5 होता आणि पुढे 8 झाला. पक्का आकडा ऑगस्टच्या सुरुवातीला कळेल, तोवर पॅकिंगचा निर्णय यावर घेऊ नये ही विनंती. (परचेस)"

बघ, मोबाईलच्या एका स्क्रीनवर जवळपास मावते. तू म्हणशील दुसऱ्या मुद्द्यात पण टीप घुसवलीच की. हो, घुसवली, कारण तो 3.1 डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात बसलाय आणि या महिन्यात तिथून काढायला वेळ नाही. पुढच्या महिन्यापासून ती पाटीच बदल, 'सात दिवसांत सुटलेल्या' अशी कर, म्हणजे ही ओळ लिहावी लागणार नाही.

'सकाळी 9 पर्यंतचे' हे उगीच नाही लिहिलं. आपला डॅशबोर्ड रोज रिफ्रेश होतो, नोट होत नाही. कोणी चार दिवसांनी लिंक उघडली की रिटर्न 5 च्या जागी 5.6 दिसणार आणि लगेच मेल येणार की तुमचे आकडेच जुळत नाहीत. लिंकसोबत त्या दिवसाची पीडीएफ पण जोड, आणि ती फोल्डरमध्ये तारीख घालून ठेव. मेची फाईल तशी ठेवली नसती तर हा 5.5 आपल्याला कुठून मिळाला असता?

अजून एक. पहिला मुद्दा डिस्पॅचच्या हेडना सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा कळायला नको. आज संध्याकाळी त्यांना फोन कर, आकडा सांग, शनिवार-रविवारचं काय ते विचार. कदाचित त्यांच्याकडे साधं उत्तर असेल, कदाचित तुझी तारीखच चुकीच्या कॉलममधून आली असेल, ते पण होतं. नोट उद्या सकाळी गेली तरी चालेल.