निर्भीड, निर्लज्ज आणि कोडगा

«'लोक काय म्हणतील' याची पर्वा न करता स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेणाऱ्या माणसाला मराठीत नेमके काय म्हणावे? आमच्या घरी एकाच मुलीला कोणी निर्भीड म्हणते, कोणी निर्लज्ज. एकाच गुणाची ही चांगली आणि वाईट नावे आहेत का?» — एक वाचक, फोंडा

नाहीत. निर्भीड माणसाला भीड नसते आणि निर्लज्ज माणसाला लाज नसते. भीड आणि लाज या मराठीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की घराघरांत तुमच्याकडे झाला तसा वाद होतो.

भीड नेहमी कोणाची तरी असते. 'सासऱ्यांची भीड वाटली', 'शेजाऱ्याच्या भिडेखातर पैसे दिले', 'त्याने मंत्र्याची भीड घातली' या सर्व प्रयोगांत समोर एक ठरावीक माणूस उभा आहे आणि त्याच्याशी असलेल्या नात्याचे वजन आपल्या निर्णयावर पडत आहे. म्हणूनच भीड मोडता येते आणि सहवासाने चेपतेही. लाजेचे तसे नाही. लाज वाटते ती स्वतःला, स्वतःच्या वागण्याची, आणि ती चेपत नाही. ती राखली जाते, सोडली जाते किंवा घालवली जाते. 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग' या बोलण्यात हा भेद फार नेमका पकडला आहे, कारण लोक बाजूला केल्यावरही लाजेला राहायला मन ही जागा उरते. 'जनाची नाही तर मनाची भीड बाळग' असे कोणी म्हणत नाही, कारण भिडेला दुसरा माणूस लागतोच.

आता 'लोक काय म्हणतील' या वाक्याकडे पाहा. त्याच्यासाठी अनेक जण 'लोकापवाद' हा भारदस्त शब्द वापरतात, पण तो येथे बसत नाही. आज अपवाद म्हटले की नियमाला अपवाद आठवतो. संस्कृतात मात्र त्याचा निंदा हाही अर्थ आहे, आणि लोकापवाद म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष केलेली निंदा. रघुवंशाच्या 14व्या सर्गात हेराने नगरातली कुजबुज कानावर घातल्यावर राम भावांना सांगतो की सीता निष्पाप आहे हे मी जाणतो, परंतु लोकापवाद मला बलवान वाटतो. आणि पुढे दाखला देतो की पृथ्वीची सावलीच लोकांनी शुद्ध चंद्रावर डाग म्हणून लादली आहे. ती निंदा खोटी आहे, पण ती झालेली आहे. 'म्हणतील' हा मात्र भविष्यकाळ आहे. अजून कोणी काही म्हटलेले नाही, 'काय' या प्रश्नाचे उत्तर बोलणाऱ्याजवळ नाही, आणि 'लोक' या कर्त्याला नाव नाही. आपल्या कोंकणीत तर 'लोक कितें म्हणटलो' असे एकवचन येते, जणू सगळा गाव एकाच तोंडाने बोलणार आहे. मला हे एकवचन मराठीतल्या अनेकवचनापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती धास्ती मनाला तशीच जाणवते.

माझ्या भाचीच्या लग्नात हे शब्द मला एकेक करून वेगळे करता आले. गोव्यात लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन खेपा घालाव्या लागतात: पहिल्या खेपेला इच्छा नोंदवायची, मध्ये नोटीस लागते, आणि दुसऱ्या खेपेला साक्षीदारांसमोर सह्या झाल्या की कायद्याने लग्न झाले. तरीही आपल्याकडे सह्या झालेली मुलगी हॉलमधले लग्न लागेपर्यंत माहेरीच राहते आणि तिला कोणी विवाहित धरत नाही. भाची आणि तिचा होणारा नवरा यांनी ठरवले की सह्यांवरच थांबायचे, हॉल घ्यायचा नाही. बहीण हबकली आणि तिच्या तोंडून तेच वाक्य निघाले.

मी तिला समजावायला गेलो नाही. मी फक्त कर्ता विचारला: लोक म्हणजे कोण? पहिल्यांदा ती 'सगळेच' म्हणाली, मग वाड्यावरचे, मग देवळात भेटणारे, आणि बऱ्याच वेळाने खरे नाव आले ते तिच्या थोरल्या जावेचे. जावेच्या मुलीचे लग्न कर्ज काढून, चारशे पाने उठवून झाले होते, आणि आपण हॉल घेतला नाही तर तो खर्च चुकीचा ठरवल्यासारखे होईल, हे बहिणीला सलत होते. त्या क्षणी वाक्याचा कर्ता बदलला. 'लोक काय म्हणतील' याला उपाय नव्हता; 'वहिनीला वाईट वाटेल' याला होता. ती भीड होती, आणि भिडेला घर असते, जिथे जाता येते.

सह्यांच्या आधी भाची स्वतः थोरल्या काकूकडे गेली. तिने परवानगी मागितली नाही. आपण काय ठरवले आहे ते सांगितले, आणि दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी काकूला आपल्याकडून कळावे म्हणून आले, एवढेच म्हणाली. काकू बराच वेळ गप्प होत्या. शेवटी त्यांनी विचारले, «जेवायला तरी कधी येतां?» पुढे वाड्यावर चारजणांनी नावे ठेवलीच. (एक नाव ठेवले तर बारसे होते आणि अनेक ठेवली तर निंदा, हा मराठीचा विशेष मला नेहमी थांबवतो.) ती नावे अजूनही ठेवली जातात आणि बहिणीला ती अजूनही बोचतात. ते सारे भिडेत मावत नव्हते. काही भाग निव्वळ निंदेचा होता आणि तो सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या मुलीला मी निर्भीड म्हणेन. काकूंच्या मनाची तिला चाड होती, म्हणून ती गेली. त्यांची भीड तिच्या निर्णयावर पडली नाही, म्हणून ती ठरवलेले सांगून आली. चाड आणि भीड यांतले हे अंतर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिने काकूंना कळवलेच नसते आणि त्याचे तिला काहीच वाटले नसते, तर 'बेपर्वा' म्हणता आले असते. निर्लज्ज म्हणण्यासाठी तिने स्वतःलाच अयोग्य वाटणारे काही उघडपणे केलेले असावे लागते. कोडगा हा आणखी निराळा. वारंवार बोलणी खाऊन ज्याला ती लागेनाशी झाली आहेत तो कोडगा. त्याची लाज मुळात नव्हती असे नाही, ती बोथट झाली. मुलांना येताजाता 'लोक काय म्हणतील' ऐकवणाऱ्या घरांत निर्भीड मुले क्वचित निघतात आणि कोडगी पुष्कळ निघतात, असे माझे निरीक्षण आहे. 'बिनधास्त' मी येथे टाळतो, कारण तो मनाचा मोकळेपणा सांगतो, नात्यांविषयी काही सांगत नाही.

तुमच्या घरातल्या मुलीला कोणता शब्द लावायचा हे तिच्या निर्णयावरून ठरणार नाही. निर्णयाची झळ ज्यांना लागणार होती त्यांच्याशी ती कशी वागली, हे विचारून पाहा. ज्यांनी 'निर्लज्ज' म्हटले त्यांनाही नेमके कोणापुढे, असे विचारा. आणि लिहिताना 'निर्भीड' मधला 'भी' दीर्घ ठेवा. 'भिडस्त', 'भिडेखातर' यांत मात्र तो ऱ्हस्व होतो.